प्रकल्प नोंदी : प्रतवारी यंत्राची कॅमेरा लिंक आणि तिचा डोळा (अंबड, नाशिक)

२ डिसेंबर २०२४, सोमवार

कांदा प्रतवारीचं यंत्र जानेवारीत लासलगावला जायचं आहे, रांगडा कांदा बाजारात यायच्या आत. यांत्रिक काम झालंय. अडलंय ते कॅमेऱ्यापासून पॅनेलपर्यंतच्या केबलवर. तासाला चार-पाच वेळा चित्राची एखादी ओळ फाटते आणि त्या ओळीतल्या कांद्याचा आकार चुकीचा मोजला जातो.

लिंक अशी आहे : कॅमेरा बोर्डावरून एलव्हीडीएसने, म्हणजे दोन तारांतल्या छोट्या व्होल्टेज-फरकाने, २५० मेगाबिट प्रति सेकंद, म्हणजे एका बिटाला ४ नॅनोसेकंद. क्लॉक १२५ मेगाहर्ट्झ आणि डेटा त्याच्या दोन्ही कडांवर. क्लॉक एका जोडीतून, डेटा दुसऱ्या जोडीतून, आणि दोन्ही जोड्या एकाच १० मीटरच्या नेटवर्क केबलमध्ये. पॅनेलमध्ये आर्टिक्स-७ एफपीजीए आहे, आतलं सर्किट आपणच रचायची चिप. त्यातला पीएलएल आलेल्या क्लॉकवरून स्वतःचं क्लॉक बनवतो आणि त्याने डेटा उचलतो.

वायरिंगचे काका म्हणाले, "ताई, मी तीन केबली लावून बघितल्या. दोन फाटतात, एक गप बसते. केबलीच खराब आल्यात." ३ मीटरची केबल लावली की एकही चूक येत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. सातत्य तपासलं, तारा ठीक आहेत, क्रिंपिंगही ठीक आहे. केबल "खराब" म्हणजे नेमकी कशी, ते कळल्याशिवाय बदलून उपयोग नाही.

कॅमेऱ्याऐवजी पीआरबीएस-७, म्हणजे विस्कळीत दिसणारा पण ठरलेला बिटांचा क्रम, पाठवायची सोय आज केली. समोर एफपीजीए तोच क्रम स्वतः तयार करून ताडून बघतो आणि चुका मोजतो. दुपारी तीन तासांत १३ चुका.

३ डिसेंबर

डोळा म्हणजे स्कोपवर सगळे बिट एकावर एक रचून दिसणारी आकृती, मधली उघडी जागा जेवढी मोठी तेवढं बरं. तो बघायचा तर रिसीव्हरच्या टोकाला. कॅमेऱ्याच्या टोकाला सगळंच छान दिसतं, तिथे सिग्नलने अजून केबल पाहिलेलीच नसते. आमच्या बोर्डावर १०० ओहमचा टर्मिनेशन रोध चिपच्या बाहेर, पायांच्या अगदी शेजारी बसवलेला आहे. त्याच्या दोन टोकांवर डिफरन्शियल प्रोब, तारा जमतील तेवढ्या आखूड. स्कोप १ गिगाहर्ट्झचा. त्याची स्वतःची कड साधारण ०.३५ नॅनोसेकंदाची, ४ नॅनोसेकंदांच्या बिटाला पुरते.

सकाळी घाईत डेटाच्या स्वतःच्याच कडेवर ट्रिगर लावला. डोळ्याची डावी भिंत सुईसारखी बारीक आणि उजवी जाड दिसली. ही आकृती फसवी आहे. ज्या कडेवर ट्रिगर, ती कड स्कोप दर वेळी एकाच जागी आणून ठेवतो, म्हणजे तिचा सगळा जिटर, वेळेतली थरथर, पुसून दुसऱ्या भिंतीवर टाकतो. रिसीव्हरला ही सवलत नसते. त्याचं घड्याळ वेगळं आहे.

म्हणून दुसरा प्रोब क्लॉकच्या जोडीवर, तोही पॅनेलच्याच टोकाला, आणि ट्रिगर क्लॉकच्या चढत्या कडेवर. फक्त चढत्या, कारण आमचा पीएलएलही तिच्यावरच जुळतो. दोन्ही कडांवर ट्रिगर लावला असता तर क्लॉकच्या दोन अर्ध्यांतला फरक एकमेकांवर पडून मिसळला असता. पर्सिस्टन्स अनंत, म्हणजे जुनी लहर पुसली जात नाही, पडद्यावर दोन बिट मावतील एवढा वेळ, आणि १ लाख लहरी जमेपर्यंत चहा.

५ डिसेंबर

आधी उभा वाचला.

१०१०१० असा साधा क्रम पाठवला की डोळा इतका स्वच्छ दिसतो की शंकाच येऊ नये. पीआरबीएस लावला की वरच्या आणि खालच्या रेषेचे पदर सुटतात. सात एक ओळीने आले की सिग्नल चढत चढत सुमारे ३०० मिलिव्होल्टपर्यंत जातो. लांब शून्यांनंतर एकटाच एक आला तर तो २०० मिलिव्होल्टलाच दमतो आणि परत फिरतो. केबल वरच्या वारंवारता जास्त खाते, त्यामुळे कडेचा पहिला भाग पटकन येतो आणि शेवटचा भाग रेंगाळत येतो. एकट्या बिटाकडे रेंगाळायला वेळच नसतो. आधीच्या बिटांची सावली पुढच्या बिटावर पडते ती अशी. १०१० मध्ये प्रत्येक बिटाचा इतिहास सारखाच असल्यामुळे ती दिसत नाही. साध्या क्रमावर डोळा बघून "लिंक ठीक" असा शेरा कधीच देऊ नये, हे मी टेस्ट फॉर्मवर लिहून ठेवलंय.

नॉइज मार्जिन मोजायचं ते आतल्या पदरापासून, बाहेरच्या नाही. नॉइज धरून मधोमध आतलं उघडं तोंड ±१७० मिलिव्होल्ट आहे. एलव्हीडीएस रिसीव्हर ±१०० मिलिव्होल्टच्या पुढे निर्णय नक्की देतो, त्याच्या आत काहीही म्हणू शकतो. म्हणजे दोन्ही बाजूंना ७० मिलिव्होल्ट शिल्लक. फार नाही, पण तासाला चार चुका पडाव्यात इतकं कमीही नाही.

आडवं तोंड सुमारे ३.२ नॅनोसेकंद उघडं. चारपैकी ३.२, म्हणजे ऐंशी टक्के. मग चुका कुठून येतात?

६ डिसेंबर

सरांच्या ओळखीने एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेतला मोठा स्कोप दिवसभरासाठी मिळाला. त्यात आय डायग्रामचं सॉफ्टवेअर आहे. एक प्रोब डेटावर, एक बटण, आणि पडद्यावर सुरेख डोळा. ३.२ नॅनोसेकंद उघडा, बरोबर मधोमध. सर म्हणाले, "लिंकमध्ये काही नाही, तुमच्या कोडमध्ये बघा."

रात्री जेवताना लक्षात आलं. तो डोळा मधोमध असणारच. सॉफ्टवेअर डेटाच्याच कडांवरून एक सरासरी घड्याळ काढतं आणि त्या घड्याळाप्रमाणे डोळा मांडतं. डेटातूनच क्लॉक काढणाऱ्या रिसीव्हरसाठी हे बरोबरच आहे. आमचा रिसीव्हर तसा नाही. आमचं क्लॉक वेगळ्या जोडीतून येतं. डेटा क्लॉकपेक्षा उशिरा पोचला तर त्या सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताच लागणार नाही. डोळा तेवढाच उघडा राहील, फक्त तो आमच्या नमुना घेण्याच्या क्षणापासून सरकलेला असेल.

मंगळवारी ट्रिगर क्लॉकवर होता, आकृती समोर होती, आणि तरी मी फक्त तोंडाची रुंदी वाचली. डोळा वेळेच्या रेषेवर नेमका कुठे आहे ते वाचलंच नाही.

९ डिसेंबर, सोमवार

आमच्या स्कोपवर परत. आज शून्य धरलं ते क्लॉकच्या चढत्या कडेला. पीएलएल ९० अंश फेज देतो, म्हणून पहिला नमुना २ नॅनोसेकंदांवर आणि पुढचा ६ वर. या दोन ठिकाणी कर्सर लावले आणि भिंती कुठे आहेत ते मोजलं.

पहिल्या मोजणीत डेटा १.१५ नॅनोसेकंद उशिरा. पण दोन प्रोब आहेत, त्यांच्या तारांचा स्वतःचा विलंब सारखाच असेल असं नाही. दोन्ही प्रोब एकाच जोडीवर लावून बघितले तर त्यांच्यातच ०.२५ चा फरक निघाला. तो वजा करून ०.९ नॅनोसेकंद. ही तपासणी केली नसती तर पुढचं सगळं गणित चुकलं असतं.

आता डेटाच्या कडा : पहिली ०.९ वर, दुसरी ४.९ वर हवी पण ५.०६ वर, तिसरी ८.९ वर. मधली कड ०.१६ ने मागे, कारण कॅमेरा बोर्डावरचं क्लॉक अर्धं-अर्धं नाही, ५२-४८ आहे. एक बिट लांब, एक आखूड. शेजारच्या दोन डोळ्यांची रुंदी वेगळी दिसते ती यामुळे.

दुसरा नमुना ६ वर आणि त्याची डावी भिंत ५.०६ वर. अंतर ०.९४. डोळा मधोमध असता तर हेच अंतर जवळजवळ २ असतं.

उभं मार्जिनही इथेच पुन्हा वाचायला हवं. मधोमध ±१७० होतं, पण भिंतीपासून ०.९४ वर तोंड ±१२० च उघडं आहे. आमच्या वाट्याला ७० नाही, २० मिलिव्होल्ट येतात. गुरुवारी जे मोजलं ते डोळ्याचं मार्जिन होतं, लिंकचं नव्हे.

१० डिसेंबर

काकांना सांगितलं की दोन जोड्यांत ०.९ नॅनोसेकंदांचा फरक आहे. ते म्हणाले, "एकाच केबलीत, एकाच लांबीच्या तारा, मग फरक कसा?" मग त्यांनीच एक तुकडा सोलला. चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळा असतो. मुद्दामच, म्हणजे एका जोडीचा सिग्नल शेजारच्या जोडीत कमी शिरतो. ज्या जोडीचा पीळ जास्त घट्ट, तिची तांब्याची तार जास्त लांब.

काकांनी मोजून १ मीटर केबल कापली, दोन्ही जोड्या उलगडल्या आणि तारा सरळ करून फूटपट्टीवर धरल्या. क्लॉकची तार १०१ सेंटीमीटर, डेटाची १०२.८. मीटरला १.८, दहा मीटरला १८ सेंटीमीटर. सिग्नलला या तारेत एका मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे १८ सेंटीमीटरला ०.९. फूटपट्टी आणि स्कोप एकाच आकड्यावर आले तेव्हा काका आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. या आठवड्यातला सगळ्यात समाधानाचा क्षण तोच.

केबल खराब नाहीच. कॅट-५ई च्या मानकात १०० मीटरला जोड्यांमध्ये ४५ नॅनोसेकंदांपर्यंत फरक चालतो. त्या हिशोबाने १० मीटरला ४.५, आणि आमचा अख्खा बिटच ४ चा. इथरनेट हा फरक रिसीव्हरमध्ये भरून काढतं. आम्ही मात्र क्लॉक आणि डेटा दोन जोड्यांत टाकून दोघं एकाच वेळी पोचतील असं गृहीत धरलं. ३ मीटरला चालतं कारण तिथे फरक ०.२७ चाच.

११ डिसेंबर

राहिला प्रश्न : ०.९४ चं अंतर आहे, तर मग चुका का? आणि पडद्यावर त्या का दिसत नाहीत?

जिटरचे दोन भाग वेगळे करायला हवेत. त्यासाठी तोच १०१० चा क्रम कामाला आला, जो गुरुवारी फसवत होता. त्यात आधीच्या बिटांची सावली सारखीच, त्यामुळे कडेचा जो पसारा उरतो तो निव्वळ यादृच्छिक. शून्य व्होल्टच्या रेषेवर पातळ पट्टी घेऊन एकाच कडेचा हिस्टोग्राम काढला. घंटेसारखा आकार, सिग्मा ४० पिकोसेकंद, त्यात स्कोपचाही थोडा वाटा. मग पीआरबीएस लावला तर घंटा सपाट होऊन पसरली. वाढीव पसारा मधल्या जागेपासून दोन्हीकडे सुमारे ०.१५ नॅनोसेकंद. हा सावलीचा भाग. तो मर्यादित असतो, सगळ्यात वाईट क्रम आला की संपला. यादृच्छिक भागाला मात्र टोक नाही. जितका वेळ थांबाल तितका तो लांब जातो.

एफपीजीएच्या टायमिंग रिपोर्टप्रमाणे नमुन्याच्या आधी डेटा ०.५३ नॅनोसेकंद स्थिर हवा, हा सेटअप. यात पीएलएलची अनिश्चितता धरलेली आहे.

```
0.94 - 0.15 - 0.53 = 0.26 ns
0.26 / 0.04 = 6.5 sigma
```

साडेसहा सिग्माच्या पलीकडे कड जाण्याची शक्यता सुमारे ४ × १०⁻¹¹. तासाला आमच्याकडे ९० हजार कोटी बिट जातात. त्यात धोक्याच्या कडा किती? एकाआड एक कड, त्यातही निम्म्या वेळाच बिट बदलतो, आणि त्यातल्या अंदाजे निम्म्यांचा इतिहास उशीर करणारा. म्हणजे आठवा हिस्सा, ११ हजार कोटी. गुणाकार केला तर तासाला चार-साडेचार चुका.

आकडा इतका जुळला म्हणून मी त्यावर भार टाकणार नाही. हेच अंतर ०.२६ ऐवजी ०.२४ असतं, तर सहा सिग्मा होऊन तासाला शंभराच्या वर चुका निघाल्या असत्या. २० पिकोसेकंदांत पंचवीस पट. माझी मोजणी तितकी अचूक नाही. पण चुकांची जागा आणि कारण बरोबर आहे, हे सांगायला ती पुरेशी आहे. डोळ्यात काही न दिसण्याचं कारणही इथेच आहे. १ लाख लहरींत सगळ्यात दूर गेलेली कड साधारण सव्वाचार सिग्मावर असते, म्हणजे ०.१७. आमची चूक ०.२६ वर होते. तिथपर्यंत पोचणारी कड पडद्यावर यायला फार फार काळ थांबावं लागेल. डोळ्यातली रिकामी जागा म्हणजे "एवढ्या लहरींत इथे कुणी आलं नाही", इतकंच.

१२ डिसेंबर

कारण पक्कं करायला सोपा प्रयोग : दोन्ही टोकांना क्लॉक आणि डेटाच्या जोड्या अदलाबदल केल्या. केबल तीच, कनेक्टर तेच. आता डेटा ०.९ ने लवकर. संध्याकाळी सहाला लावून ठेवलं, सकाळपर्यंत एकही चूक नाही.

सर म्हणाले, "मग असंच ठेवू या, झालं." नको म्हटलं. आता नमुना दुसऱ्या भिंतीकडे सरकला आहे. तिकडे होल्ड, म्हणजे नमुन्यानंतर डेटा स्थिर राहायचा वेळ, लागतो तो कमी, म्हणून निभावलं. पुढच्या गुंडाळीतला पीळ वेगळा आला की पुन्हा तेच. लासलगावला केबल तुटली तर तिथला माणूस बाजारातून मिळेल ती आणून लावणार.

१३ डिसेंबर, शुक्रवार

जोड्या मूळ जागी. पीएलएलची फेज चालू असतानाच सरकवता येते. आमच्या जोडणीत एक पायरी १८ पिकोसेकंदांची (व्हीसीओ १००० मेगाहर्ट्झ, त्याच्या आवर्तनाचा ५६ वा भाग). यंत्र सुरू झालं की कॅमेरा आधी पीआरबीएस पाठवेल. पॅनेल फेज एकेक पायरी सरकवत, प्रत्येक पायरीवर २ सेकंद चुका मोजेल. दोन्हीकडे चुका कुठे सुरू होतात ते शोधेल आणि त्यांच्या मधोमध बसेल.

पहिल्यांदा चालवलं : मागे २ पायऱ्या गेलं की चुका सुरू. पुढे मात्र १२२ पायऱ्यांपर्यंत स्वच्छ. इतके दिवस आम्ही कड्यापासून दोन पावलांवर उभे होतो. मधला बिंदू ६० वर, म्हणजे १.०७ नॅनोसेकंद पुढे. स्कोपच्या आकड्यांवरून नुसत्या भिंतींचा मध्य काढला तर ०.९८ येतो. वरचा फरक सेटअप आणि होल्ड सारखे नसल्यामुळे. रिसीव्हरने स्वतः शोधलेला मध्य जास्त खरा, कारण त्यात त्याच्या स्वतःच्या गरजाही आल्या.

एक मर्यादा नोंदवून ठेवते. २ सेकंदांत ५० कोटी बिट बघून होतात, त्यामुळे सापडलेली टोकं पाच-साडेपाच सिग्मापर्यंतचीच. म्हणून टोकाजवळ कधीच बसायचं नाही. उरलेली खिडकी ४० पायऱ्यांपेक्षा अरुंद निघाली तर यंत्र सुरू न होता तक्रार देईल, असं कोडमध्ये घातलं. ४० हा माझा अंदाज आहे, अनुभव येईल तसा बदलेन.

सर्व काही सुरू ठेवून संध्याकाळी पाचला कुलूप लावलं.

१६ डिसेंबर, सोमवार

सकाळी नऊला काउंटर पाहिला. ६४ तास, शून्य चुका. सुमारे ५.८ × १०¹³ बिट. शून्य चुका म्हणजे शून्य दर नव्हे. ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की दर ३ भागिले एकूण बिट याच्या खाली आहे, म्हणजे सुमारे ५.२ × १०⁻¹⁴ च्या खाली. तासाला ०.०५ पेक्षाही कमी. प्रतवारीला हे पुरतं.

दुपारी काकांची ती "गप बसणारी" केबल लावली. खिडकी उणे ७१ ते अधिक ५३, मध्य उणे ९ वर. रुंदी तीच, १२४ पायऱ्या. डोळा दोन्ही केबलींत सारखाच उघडा होता, फक्त या केबलीत तो आपोआप आमच्या नमुन्याखाली आला होता.

पुढच्या बोर्डासाठी दोन कामं : कॅमेऱ्याकडचं क्लॉक पीएलएलमधून काढून मग बाहेर द्यायचं, म्हणजे ते ०.१६ जाईल. आणि टर्मिनेशनजवळ प्रोब टेकवायला दोन नीट पॅड. काकांनी तिन्ही केबलींवर मार्करने मधला आकडा लिहून ठेवला आहे.